दोनशे वीस फुटांवरून

नवसाबाई आणि त्यांचे दीर खंडेराव दुकानात आले तेव्हा मी एका वाढदिवसाच्या फ्लेक्सवर अडतीस शुभेच्छुक बसवत होते. या कामात माझा हातखंडा आहे. संगणक मी बघून बघून शिकले, पण माणसं दाटीवाटीनं बसवायला एकत्र कुटुंबातच शिकले होते.

त्यांना रविराजच्या वर्षश्राद्धाचा फ्लेक्स हवा होता. रविराज नवसाबाईंचा मुलगा. विंचूरला कांद्याचा लिलाव असला की ट्रॅक्टरची रांग रस्त्यावर, पार वळणापर्यंत मागे येते. वळण घेतल्यावरच ती दिसते. त्याची मोटारसायकल शेवटच्या ट्रॉलीवर गेली.

वळणाच्या बऱ्याच अलीकडे, नवसाबाईंच्याच बांधावर, दहा बाय सहा फुटांची चौकट गेल्या वर्षीपासून उभी होती. तेव्हा श्रद्धांजलीचा फ्लेक्स आम्हीच छापला होता. मोठा फोटो, खाली भावकीची नावं.

"तसाच करा," खंडेराव म्हणाले. "दोन नावं वाढलीत. जावई आलेत."

"तसा नको," नवसाबाई म्हणाल्या. "म्या बांधावर बसून बघितलंय, ताई. गाडीवालं पोरगं फोटो बघतं, मान वळवून नावं वाचतं, आन् तसंच वळणात घुसतं. परवा एक लय थोडक्यात वाचलं. माझ्या पोराकडं बघता बघता दुसरीचं पोरगं जाया नको. तिथं लिहा, पुढं रांग हाय, हळू जा."

"मग फोटो, नावं अन् तेबी लिहा," खंडेराव म्हणाले. "जागा काय कमी हाय?"

मी कागद ओढला. गाडी साठच्या वेगात असली तर सेकंदाला पंचावन्न फूट जाते. तीन छोट्या ओळी वाचून डोक्यात शिरायला चार सेकंद धरायचे. म्हणजे अक्षर दोनशे वीस फुटांवरून दिसलं पाहिजे. एक इंचाचं अक्षर फार तर पंचवीस फुटांवरून वाचता येतं. म्हणजे नऊ इंच हवेत, तेही शिरोरेघेपासून खालचे. वेलांट्या-उकारांची जागा वेगळी, त्यामुळे एक ओळ सव्वा फुटाच्या पुढेच जाते.

"आन् नावं?" खंडेरावांनी विचारलं.

"ती इंचाची होतील. वाचता येतील तोवर गाडी फ्लेक्सपाशी आलेली, अर्धा सेकंदही नाही मिळणार. त्यात ज्याला वाचायचंच आहे तो मान वळवणार."

"भावकी म्हणंल, खंडूनं नावं खाल्ली."

"म्हणू द्या, भाऊजी," नवसाबाई म्हणाल्या. "त्यांना म्या सांगते. फोटो तेवढा ऱ्हाऊ द्या, ताई. कोपऱ्यात."

तीन ओळी बसवल्या: पुढे वळण, ट्रॅक्टरची रांग, वेग कमी करा. खाली जेमतेम दीड फुटाची पट्टी उरली. तिच्या कोपऱ्यात रविराज बसवला. मग आमची नेहमीची तपासणी. एक दशांश आकाराचा कागद छापायचा आणि बावीस फुटांवरून बघायचा. समोरच्या मेडिकलच्या बंद शटरवर मी तो चिकटवला, टेपनं बावीस फूट मोजत मागे आले आणि नवसाबाईंना तिथं उभं केलं.

"वाचा, मावशी."

"पुढं वळण. ट्रॅक्टरची रांग. वेग कमी करा." रात्रशाळेत वाचायला शिकलेल्या नवसाबाईंनी झरझर वाचलं. मग डोळे बारीक केले. पदरानं पुसले. परत बारीक केले.

"कोपऱ्यात कोण हाय ते कळंना," त्या म्हणाल्या.

मी टेप गुंडाळायला लागले.

"माझाच हाय, आन् मलाच कळंना. मग येणाराजाणारा नुसता डाग काय हाय म्हणून बघत बसंल."

"मोठा करते. एक ओळ काढून—"

"कोणती काढशील? वळण, का रांग?"

त्या शटरपर्यंत चालत गेल्या. कागदावरच्या इंचभर फोटोवर त्यांनी अंगठा ठेवला आणि मागे वळून मला विचारलं, "आता पट्टी मोकळी दिसती?"

"दिसते."

"मग तसंच छाप."

मी दुकानात जाऊन फोटो काढून टाकला. मोकळ्या पट्टीत अक्षरं पसरली, प्रत्येक ओळीला सहा इंच जास्त मिळाले. खंडेराव संगणकाच्या पडद्याकडे पाठ करून उभे राहिले.

निघताना नवसाबाई म्हणाल्या, "घरासाठी एक येगळा फोटो करशील?"

"करते ना. किती लांबून बघायचा?"

त्यांनी विचार केला. "खाटंवर पडलं की समोरची भिंत. सात-आठ फूट."

"खाली नाव किती मोठं घेऊ?"

"नाव कशाला?" त्या म्हणाल्या. "घरात त्याला वळखत नाय असं कोण हाय?"