विरोधकाचं सूत्र

पीएचडीच्या तोंडी परीक्षेच्या स्लाइड तयार करताना तिला स्वतःची चूक दिसली. विहिरींचं पाणी किती वेगाने खारं होतं हे काढायचं जे सूत्र प्रबंधात वापरलं होतं, ते भलत्याच माणसाच्या नावावर गेलं होतं. एका संशोधन नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन अभ्यासकांचा वाद पाठोपाठ छापला होता. नोंदी घेताना एकाचा तपशील दुसऱ्याला चिकटला. आणि ज्यांना फुकटचं श्रेय मिळालं होतं, ते सर तिच्याच समितीवर बाहेरचे परीक्षक होते. सूत्र होतं त्यांच्या कट्टर विरोधकाचं.

प्रबंध तर केव्हाच जमा झाला होता.

"गप्प बस," जेवता जेवता भाऊ म्हणाला. "एवढं बाड कोण ओळ न् ओळ वाचतंय?"

तिलाही मोह झाला. पण कुणी वाङ्मयचौर्य म्हटलं तर? इतक्या वर्षांची मेहनत मातीत जायची.

सकाळी तिने मार्गदर्शक मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला.

"निष्कर्ष बदलतात?"

"नाही मॅडम. सूत्र बरोबर आहे, नाव तेवढं चुकलंय."

"मग गुपचूप फाइल बदलू नकोस. समितीच्या अध्यक्षांना लिही, सगळ्या सदस्यांना प्रत दे. रडगाणं नको. आणि पाठवण्याआधी बाकीचे संदर्भ मुळाशी ताडून बघ."

तिने एकेक संदर्भ उघडून पाहिला, मगच लिहिलं: 'तिसऱ्या प्रकरणातलं सूत्र माझ्याकडून अनवधानाने चुकीच्या लेखकाच्या नावे नोंदवलं गेलं. चूक जमा केल्यानंतर माझ्याच लक्षात आली. आकडेमोड व निष्कर्ष यांवर परिणाम होत नाही. दुरुस्त पानं आणि दोन्ही मूळ लेख सोबत जोडले आहेत.'

अध्यक्षांचं एवढंच उत्तर आलं: 'चर्चा परीक्षेच्या वेळी होईल.'

परीक्षेच्या दिवशी सरांच्या समोर तिचं पत्र होतं. चेहरा करडा.

"ते प्रकरण मी दोनदा वाचलं. मला चूक दिसली नाही," सर म्हणाले. "मग बाकीच्या संदर्भांवर मी का विश्वास ठेवावा?"

तिने लॅपटॉप पुढे ओढला. "सर, तुम्ही म्हणाल तो उघडून दाखवते."

सर खरंच बोट ठेवत गेले. ती मूळ लेख उघडत गेली. पान जुळलं, वर्ष जुळलं, नाव जुळलं. शेवटी सरांनी प्रबंध मिटला.

"माझ्या नावावर त्या माणसाचं सूत्र!" ते पुटपुटले. "त्याला कळलं असतं तर जन्मभर चिडवलं असतं मला."

अध्यक्ष हसले, तिला मात्र हसू फुटेना. दुरुस्त पानं अंतिम प्रतीत घालायची, अहवालात नोंद करायची, असं ठरलं.

"चला," सर म्हणाले, "आता खारं पाणी."

तिने पहिली स्लाइड लावली. मग ती बोलू लागली.