वीस बाइटचा बॅकअप

आमच्या दुकानाचा मॅनेजर म्हणजे माझ्या सख्ख्या ताईचा नवरा. घरी तो दाजी, दुकानात सर. घरी हाफ पँटवर रिमोटच्या बॅटऱ्या शोधणाऱ्या माणसाला "आदरणीय महोदय" लिहायचं म्हणजे हात जड होतो. पण बजेट हवं होतं, म्हणून लिहायला बसले.

आम्ही बटणं, चेन आणि लेस विकतो, निम्म्याहून जास्त ऑनलाइन. सगळ्या ऑर्डरी, पत्ते आणि शिल्लक माल एका डेटाबेसमध्ये. तो चालतो एका भाड्याच्या सर्व्हरवर, आणि त्याची आया, वैद्य नि रखवालदार मी एकटी. मला ताप आला तर दुकानालाही आला. हे काम एखाद्या होस्टिंग कंपनीकडे द्यावं, म्हणजे अपडेट, बॅकअप, बिघडलं तर दुसरी प्रत उभी करणं ते बघतील, एवढंच माझं म्हणणं. दाजींचं उत्तर दोन वर्षं ठरलेलं: आजवर कधी बंद पडलंय का? शिवाय तू घरचीच आहेस ना!

घरचीच, म्हणजे फुकटची. मी अर्जात पहिल्यांदाच माझे तास मांडले. नवीन खर्च आत्ताच्या भाड्याच्या तिप्पट, हे लपवलं नाही. तरी तो पार्सलच्या चिकटपट्टीवरच्या खर्चाइतकाच होता. एक दिवस दुकान बंद राहिलं तर कंपनीच्या पाच महिन्यांच्या हप्त्याइतकी कमाई बुडते. आपण वेड्यासारखा कोड लिहिला तर कंपनी तो सुधारणार नाही, हेही लिहिलं. मग एक शेवटची ओळ: "सध्या रोज बॅकअप होतो, आकार अमुक." अमुकच्या जागी आकडा घालायला म्हणून फाइली उघडल्या.

वीस बाइट, म्हणजे धड एक पत्ताही मावणार नाही. कालची वीस, परवाची वीस, चार महिन्यांच्या सगळ्या वीस!

चार महिन्यांपूर्वी मी डेटाबेसचा पासवर्ड बदलला आणि रोज आपोआप बॅकअप घेणाऱ्या स्क्रिप्टमध्ये बदलायला विसरले. बिचारी रोज दार ठोठावायची, आत कोणी घ्यायचं नाही, आणि ती रिकामी फाइल नीट आवळून, वर तारीख लिहून ठेवून द्यायची. मी रोज तारखा बघून खूश. सर्व्हर गेला असता तर पैसे भरून मालाची वाट पाहणाऱ्या दोनशे बारा लोकांना काय पाठवायचं आणि कुठे, हे कुणालाच कळलं नसतं.

आधी स्क्रिप्ट दुरुस्त करून खरा बॅकअप घेतला. मग विचार करत बसले. गप्प बसले असते तर झाकली मूठ राहिली असती. पण अर्जात खरा धोका एकच होता आणि तो मीच होते. नोकरी गेली तर गेली, ताई काय म्हणेल त्याचीच जास्त धास्ती. तरी लिहिलं: "चार महिने बॅकअप नव्हता. चूक माझी. एका माणसावर सगळं टाकलं की असं होतं."

दाजींनी अर्ज दोनदा वाचला. रोज सकाळी ते मला "बॅकअप आहे ना?" विचारायचे, मी "आहे" म्हणायचे, आणि तेच ते दुकानाच्या मालकांना सांगायचे. त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता भरली आपली शंभरी.

"हे नवीन कंपनीवालेही 'बॅकअप आहे' असंच म्हणत असतील ना?" ते म्हणाले. "तू उघडून पाहिलंस?"

नव्हतं पाहिलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्याच दुपारी कंपनीच्या चाचणी खात्यात आमच्या डेटाबेसची प्रत चढवली. दाजींनी ऑर्डरींचा आकडा कागदावर लिहून घेतला, आठ हजार चारशे सतरा. कंपनीकडे त्याचा बॅकअप व्हावा म्हणून दहा मिनिटं थांबलो. घड्याळ पाहून दाजींनी त्या प्रतीतला सगळ्या ऑर्डरींचा तक्ता स्वतःच्या हातानं पुसला. फार चवीनं पुसला. पुसण्याआधीच्या मिनिटाची वेळ घालून मी परत मागवला. नवीन प्रत उभी राहायला पंचवीस मिनिटं लागली. तेवढ्यात त्यांनी माझा चहाही पिऊन टाकला.

आठ हजार चारशे सतरा. दाजींनी कागद दोनदा ताडून पाहिला आणि सही केली. माझ्या कबुलीची ओळ मालकांकडे जाण्याआधी खोडू का, मी विचारलं.

"राहू दे," ते म्हणाले, आणि तिच्याखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: "मी रोज विचारलं. पाहिलं एकदाही नाही."

मालकांनी बजेट दिलं, आणि आम्हा दोघांना मिळून एकच पण लांबलचक शिवी दिली. आता दर महिन्याच्या एक तारखेला दाजी खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसतात. बॅकअप आहे का, हे विचारत नाहीत.

"परत आणून दाखव," म्हणतात.