दोन ओळींचा परिचय

संयोजक बाईंची ईमेल गोड होती, पण होती फटक्यासारखीच. ‘कार्यक्रमपत्रिका आज संध्याकाळी छपाईला जातेय, जागा कमी आहे, कृपया आपला परिचय एका ओळीत द्यावा.’ सोबत नमुना: ‘नामवंत अनुवादिका, सात पुस्तके, दोन पुरस्कार.’

“झालं! मी माणूस आहे की बरणीवरची चिठ्ठी?” अनुवादिका म्हणाली.

समोर आत्या चष्मा पुसत बसली होती. “दे की एक ओळ. नामवंत म्हणतायत, आणखी काय हवं तुला?”

आता यातली खरी गोम सांगायला हवी. मूळ परदेशी भाषेतलं पुस्तक अनुवादिका मोठ्याने वाचायची आणि आत्या डोळे मिटून ऐकायची. ती लिपी आत्याला वाचता येत नव्हती, पण कान असा तयार की विचारू नका! “चिडून नाही म्हणत गं ती, लाडात म्हणतेय,” असं ती मध्येच बोलायची आणि अख्खं पान नव्याने लिहावं लागायचं. मुखपृष्ठावर मात्र एकच नाव, कारण करार करताना आत्यानेच “मला नको त्या भानगडीत” म्हणून हात झटकले होते. आत्याचा उल्लेख जगात फक्त एका ठिकाणी होता: भाचीने आधीच पाठवलेल्या दोन ओळींच्या परिचयातल्या दुसऱ्या वाक्यात, ‘ती लिपी वाचता न येणारी माझी आत्या प्रत्येक पान कानाने तपासते.’ तेच उडणार होतं. आणि या कार्यक्रमाला आत्या पहिल्यांदाच येऊन बसणार होती.

पहिलं उत्तर अनुवादिकेने तणतणत लिहिलं आणि खोडलं. बाई बिचारी जागेची अडचण सांगतेय, तिच्यावर कशाला डाफरायचं? मग शांतपणे लिहिलं:

‘सप्रेम नमस्कार. जागेची अडचण समजली. तरीही परिचय एका ओळीत आणणं मला जमणार नाही, क्षमस्व. त्यातलं दुसरं वाक्य माझ्या आत्याविषयी आहे, आणि तिच्याशिवाय हे काम माझं एकटीचं असल्यासारखं दिसेल. ते खोटं ठरेल. एक सुचवू का? माझा फोटो, पुरस्कार आणि पुस्तकांची संख्या काढून टाका, पण या दोन ओळी ठेवा. मंचावर वेळ वाचवायचा असेल, तर निवेदकांनी माझं नुसतं नाव घेऊन दुसरं वाक्य वाचलं तरी चालेल.’

“फोटो काढतेस? इतका चांगला आलाय!” आत्या हळहळली. पण ओठांच्या कोपऱ्यात खुशी लपत नव्हती.

थोड्याच वेळात संयोजक बाईंचा फोन आला. अनुवादिकेने स्पीकर लावला.

“मॅडम, फोटोची जागा मिळाली, प्रश्नच मिटला. गेल्या वर्षी परिचयांतच इतका वेळ गेला की शेवटच्या वक्त्यांना नुसते आभार मानून बसावं लागलं, म्हणून या वर्षी सगळ्यांना एकच ओळ. तुमच्या दोन्ही घेते.” मग जरा घुटमळून त्या म्हणाल्या, “एक विचारू? उगाच आपली उत्सुकता. वाचता येत नाही, तर आत्याबाई ती भाषा शिकल्या कुठे?”

‘ऑफिसात,’ एवढंच अनुवादिकेला ठाऊक होतं. कोण शिकवत होतं, कसं, कधी विचारलंच नव्हतं. कमाल आहे, ती मनात म्हणाली, परक्या बाईला सुचलं ते मला इतक्या वर्षांत सुचू नये! तिला स्वतःचा चांगलाच राग आला.

“आत्या, सांग ना.”

“सांगायचंय काय त्यात,” आत्या फोनकडे झुकली. “मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. परदेशी कॉल जोडायचे. पलीकडच्या देशातही अशीच एक बाई बसायची. लाइन मिळेपर्यंत दोघी थांबून असायचो, मग गप्पा. ती मला तिची भाषा शिकवायची, मी तिला आपली. लिहिणार कुठे? सगळं कानातच. तिच्या लेकीचं लग्न, नवऱ्याचं आजारपण, सासूची कटकट, सगळं मला ठाऊक.”

“भेटलात कधी?” संयोजक बाईंनी विचारलं.

“छे! मग यंत्रं आली, लोक आपले आपण फोन लावायला लागले. आमची खुर्चीच गेली. निरोपसुद्धा घेता आला नाही.”

मग आत्या खाकरली आणि भाचीकडे न बघता म्हणाली, “माझ्यासाठी भांडलीस ना आत्ता? मग माझ्या ओळीत तिलाही घाल.”

“घालते की! नाव सांग.”

“नाव सांगायची परवानगी नव्हती गं आम्हाला. नंबरानेच बोलायचो.” आत्याने पुन्हा चष्मा पुसायला घेतला. “सात नंबर. एवढंच लिही. कुणी तिला वाचून दाखवलं, तर ओळखेल ती.”

“मावेल,” फोनमधून हळूच उत्तर आलं. “मी बसवून घेते.”