आठ वर्षं आधीचा उत्सव

“देवानं काळ निर्माण केला आणि तो मोजण्याचं काम आम्हा मेरिगेतांवर सोपवून तो निश्चिंत झाला,” असं मेरिगेता यितबारेक यांनी चर्चच्या अंगणात जाहीर केलं. हातात उकडलेलं अर्धं अंडं होतं, उरलेलं तोंडात. एमाहोय वुबालेम या वृद्ध संन्यासिनीनं आठवण करून दिली की आज बुधवार आहे, उपासाचा. मेरिगेतांच्या हिशेबी मंगळवार होता. अंडं तोंडातच राहिलं.

चर्चच्या पाठशाळेचे हे पंडित यंदा फार खुशीत होते. हिदार महिन्याच्या बारा तारखेला, देवदूत मिखाएलच्या वार्षिक सणाला, चर्चला तीनशे वर्षं पूर्ण होणार होती. स्थापनेचं साल त्यांनी शोधलं म्हणून खुद्द बिशप त्यांच्या खांद्यावर जरीचा काबा, म्हणजे मानाचा झगा, घालणार होते. चाळीस वर्षं त्या काब्यावर त्यांचा डोळा होता.

साल भिंतीवर होतं, देणगीदाराच्या चित्राखाली: ‘जगाच्या उत्पत्तीपासून ७२२५, राजा इयासू याच्या राज्याचं तिसरं वर्ष, मत्तयाचं वर्ष.’

सणाला दोन दिवस उरले तेव्हा मेरिगेता राजाच्या स्तुतीचं कवन रचायला बसले. उत्सव समितीच्या फलकावर स्थापनेचं साल १७१७ होतं, तेव्हा सतराशे सतराला गादीवर इयासूच होता ना, हे ताडून पाहायला त्यांनी पाठ असलेली वंशावळ म्हटली. बकाफा! इयासू त्या साली बकाफाचा दूधपिता मुलगा होता. तिसरं वर्ष राज्याचं कुठलं, वयाचंही भरलं नव्हतं.

ते धावतच समितीच्या अध्यक्षाकडे गेले. अध्यक्ष यिलिकाल पूर्वी सरोवरावर पर्यटकांचा वाटाड्या होता.

“यिलिकाल, मी तुला कुठलं साल सांगितलं होतं?”

“सतराशे पंचवीस. मग मी त्यातून आठ काढले.”

“का काढलेस?”

“का म्हणजे? फिरंगी साल आपल्या पंचांगात आणायला आठ काढायचे. जन्मभर तेच केलं मी.”

“अरे बाबा, ते आपलंच होतं! सात हजार दोनशे पंचवीसमधून ख्रिस्तजन्माआधीचे साडेपाच हजार काढले, सतराशे पंचवीस उरले. ते आपलं साल. इयासू सतराशे तेवीसच्या सुरुवातीला गादीवर बसला, म्हणजे पंचवीस हे त्याचं तिसरं. चोख बसतं. फिरंग्यांचं साल हवं असतं तर काढायचं नाही, मिळवायचं होतं. आणि तेही हिदारमध्ये सात, आठ नव्हे. त्यांचं नवं वर्ष जानेवारीत उजाडतं, तिथून आठ. म्हणजे त्यांचं सतराशे बत्तीस. भिंत काय फिरंग्यानं रंगवली होती?”

“पण फलक मी तुम्हाला दाखवला होता! तुम्हीच म्हणालात, मत्तयाचं वर्ष, बरोबर.”

मेरिगेतांचा चेहरा उतरला. म्हणाले होते खरं. वर्षं मत्तय, मार्क, लूक, योहान अशी चौघांच्या नावानं फिरतात. उत्पत्तीच्या सालाला चारानं भागून एक उरला की मत्तय. ७२१७ ला एक उरतो. पण आठ काढले काय नि चार काढले काय, मत्तय पुन्हा मत्तयच! त्यांनी साक्षीदाराला विचारलं, आणि साक्षीदार दर चार वर्षांनी तेच बोलणारा निघाला.

“म्हणजे यंदा दोनशे ब्याण्णव,” मेरिगेता म्हणाले.

“दोनशे ब्याण्णवचा उत्सव कोण करतं? मेजवानीला दोन बैल आणलेत. पंधरा तारखेपासून मोठा उपास, मग मांस बंद. आता गप्प बसा. बैलांना वाचता येत नाही.”

“आणि मी?”

“तुम्हाला काबा मिळतोय. पुढच्या आठ वर्षांची खात्री आहे का तुम्हाला?”

मेरिगेता चौऱ्याहत्तरचे. खात्री नव्हती.

सणाच्या दिवशी बिशपांनी काबा उचलला, उन्हात जरीकाम चमकलं, बायकांनी आनंदानं उलुलू असा गजर केला. काबा खांद्यापासून वीतभर दूर असताना मेरिगेता म्हणाले, “थांबा, बाबा. राजा अजून पाळण्यात आहे.” आणि माइक घट्ट धरून त्यांनी साडेपाच हजारांपासून मत्तयापर्यंत सगळा हिशेब सांगितला. आपली चूक यिलिकालच्या चुकीआधी सांगितली. यिलिकाल फलकामागे गेला.

बिशपांनी काबा खाली घेतला. “सण मिखाएलचा आहे, तो दरवर्षी येतो. जेवण होईल,” ते म्हणाले. “काबा तीनशेव्या वर्षासाठी आहे, तो आठ वर्षं पेटीत राहील. त्या दिवशी पहिला मान मेरिगेतांचा.”

लोकांनी आठ वर्षांनी आणखी दोन बैल, एवढाच अर्थ घेतला आणि जल्लोष केला. काबा घडी होऊन गेला. मेरिगेता रिकाम्या खांद्यांनी, डोळे भरून, हुतात्म्यासारखे उभे राहिले. मागून एमाहोय वुबालेमनं त्यांची शाल ओढली.

“मेरिगेता, जरा पाय उचला ना. इंजेरा भाकरीच्या टोपलीच्या झाकणावर उभे आहात.”