अकरावी फिल्म

मिरजगावाजवळच्या वस्तीवर रंगुबाईच्या गोठ्यात चार गाई होत्या आणि तिच्या जिभेचा धाक चाळीस उंबऱ्यांना होता. शाळा तिनं दुसरीतच सोडली. पण सही मात्र अशी ठसठशीत करायची की तलाठ्यानंही बघत राहावं.

त्या सकाळी ताडपत्रीच्या कंपनीचा काकासाहेब फटफटीवरून आला. त्याची कंपनी चारा झाकायची जाड ताडपत्री विकायची. रंगुबाईनं गेल्या साली ती घेतली होती आणि त्याच्याच सांगण्यावरून गव्हाचं काड युरियाच्या पाण्यानं मुरवलं होतं. एरवी जनावर ज्या काडाला तोंड लावत नाही, तेच मुरलं की चवीनं खातं. काकासाहेबानं तेव्हा वहीत सगळं टिपून घेतलं, फोटो काढले आणि त्याच्या बारा पारदर्शक फिल्मा केल्या. नगरला विक्रेत्यांच्या मेळाव्यात त्या दिव्यावर ठेवून भिंतीवर दाखवल्या होत्या.

"मावशी, आता सायबाला ह्या बारा फिल्मांचं एक पान पाहिजे," तो ओट्यावर टेकत म्हणाला. "यशोगाथा. तुमच्या तोंडून. शनवारी काष्टीच्या बाजारात हजार वाटायचीत."

"माझ्या तोंडून? मी काय दातखीळ बसून पडलेय व्हय? मीच येते की बाजारात."

"तुमी हजार जागी कशा जानार? पान जातं."

त्यानं टाईप केलेला कागद सुनेच्या, सीमाच्या, हातात दिला. सीमा दहावी झालेली. ती वाचू लागली. वर रंगुबाईचा फोटो. खाली मोठ्या अक्षरात अवतरणात : 'माझ्या गाया आता काडसुद्धा आवडीनं खातात!' मग मजकूर. 'मी रंगुबाई. उन्हाळ्यात चारा संपायचा, दूध आटायचं. मग मी चार किलो युरिया साठ लिटर पाण्यात विरघळवून शंभर किलो काडावर थराथरानं शिंपडला, काड दाबलं, ताडपत्रीनं एकवीस दिवस हवाबंद झाकलं. आज गायीमागं दीड लिटर दूध वाढलंय.' आणि शेवटी सहीला जागा.

"आधी अडचण, मग काय केलं, मग फायदा," काकासाहेब बोटांवर मोजत सांगू लागला. "आकडे थोडेच ठेवायचे, जास्त घातले की मानूस कागदाची पुडी बांधतो. फिल्मा दाखवताना शेजारी मी उभा असतो, इचारलं तर सांगतो. पानाशेजारी कुनी नसतं. म्हनून ते सुटसुटीत पाहिजे."

रंगुबाईनं त्याच्या पिशवीतल्या फिल्मा एकेक करून उजेडात धरल्या. अक्षरं तिला लागत नव्हती, पण अकरावी तिनं फोटोवरून ओळखली. उलटं पडलेलं टीप, म्हणजे पाण्याचं पिंप, आणि त्याच्याशेजारी रिकामा खुंटा.

"ही न्हाई घेतली पानात?"

काकासाहेबानं आवाज खाली आणला. "चांदीची? यशोगाथेत मेलेली गाय कशी घालनार, मावशी? आन् तुमीच तर गावाला साप चावला म्हनून सांगितलंय."

तेही खरंच. शिंपडून झाल्यावर टिपात बादलीभर युरियाचं पाणी उरलं होतं. रंगुबाई हात धुवायला गेली, तेवढ्यात चांदीनं दावं तोडलं आणि साधं पाणी समजून प्याली. थरथरली, तोंडाला फेस आला, पोट टम्म फुगलं. डॉक्टर यायच्या आत गेली. 'रंगुबाईच्या हातून गाय मेली' असं कुणी म्हणावं, यापेक्षा तिला साप परवडला.

"नकोच ती," रंगुबाई म्हणाली, आणि पानावर ठसठशीत सही केली. काकासाहेब नमुन्याची एक प्रत ठेवून मिरजगावच्या झेरॉक्सच्या दुकानाकडं निघाला.

दुपारी शेजारची गोजरबाई ताक मागायला आली. सीमानं तिला हौसेनं ते पान वाचून दाखवलं. गोजरबाई हरखली. "अगं बया, आक्काचा फोटू! मंग आता आक्का म्हनतीया म्हंजी काय, डोळं झाकून करावं. ताडपत्री हायच घरात."

रंगुबाईची मान ताठ झाली. गोजरबाई गेली. तिसऱ्या प्रहरी दळण निवडता निवडता मात्र तिला तेच शब्द आठवले. आक्का म्हणतीया. आक्कानं पानात टिपाचं काय म्हटलं होतं? काहीच नाही. उरलेलं पाणी कुठं टाकायचं, झाकायचं, जनावराच्या वाटेत ठेवायचं नाही, यातला एक शब्द नाही. सूप तिच्या हातात थांबलं.

"सीमे, गोजरीनं युरिया कवा आनला?"

"घरात हुताच की. शिंपडून झालं असंल, मघापासनं टिपाचा आवाज येत हुता."

रंगुबाई सूप टाकून उठली. बांधावरून चपला न घालताच धावली. साठी उलटलेलं अंग, पायात सराटे रुतत होते, पण चांदीचे ते डोळे समोर आले की पाय आपोआप उचलायचे. गोठ्यामागं काडाचा ढीग ताडपत्रीखाली नीट दाबलेला होता. गोजरबाई पलीकडच्या कडेला दगड रचत होती. आणि टीप होतं तिथंच, उघडं. गोजरबाईची गाभण गाय दावं ताणून मान लांब करत होती. तिचं तोंड टिपाच्या काठाला लागलं.

"हाट्! हाट्!" रंगुबाईनं टिपाला लाथ घातली. पाणी मातीत पसरलं. गाय त्याच्याकडंही वाकली, तशी रंगुबाईनं तिचं दावं हिसडून तिला मागं ओढलं आणि तिच्या तोंडाला हात लावून पाहिला. ओठ कोरडे होते.

"आक्का! येड लागलं का? टिपातलं पानी सांडलंत!"

रंगुबाईनं गाईचं दावं खुंट्याला आखडून बांधलं.

"चांदीला साप न्हवता चावला, गोजरे," ती म्हणाली. "ह्येच पानी पिऊन मेली. माझ्या हातून."

गोजरबाईनं हळूच आपल्या गाईच्या गळ्यात हात टाकला. "आन् पानात का न्हाई लिवलं?"

रंगुबाईनं सांडलेल्या पाण्यावर पायानं माती ओढली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ती मिरजगावच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन उभी राहिली. काकासाहेब तिथं छापखान्याला द्यायची मूळ प्रत तपासत होता.

"ती अकरावी फिल्म पानात घाल."

"मावशी, सायेब म्हनतील हे पान विक्रीचं हाय का मयताचं?"

"मंग माझं थोबाड काढ आन् तुज्या सायबाचं लाव. माझ्या तोंडून बोलायचं म्हनतोस, आन् माझ्या तोंडातलं अर्धंच घेतोस?" ती पुढं सरकली. "वर मोठ्या अक्षरात काय ठेवलंय? गाया आवडीनं खातात. ते खाली घे. वर लिव, 'उरलेलं युरियाचं पानी लगेच खड्ड्यात वतून बुजवा, माझी चांदी त्याच पान्यानं गेली.' त्याच्याखाली सही करते."

काकासाहेबानं फायद्याची एक ओळ खोडली, जागा केली, आणि रंगुबाईचं वाक्य तिच्याच शब्दांत टिपलं. तिनं सही केली. या वेळी अक्षर वेडंवाकडं आलं.

"जुनी पानं किती निघाली?" तिनं विचारलं.

"छापली न्हाईत. फकस्त पंचवीस झेरॉक्स काढल्यात्या... काल काष्टीचा विक्रेता घेऊन गेला."

रंगुबाई दाराकडं वळली. "फटफटी काढ."

काष्टीच्या दुकानात गल्ल्यावर बावीस पानं मिळाली. तिनं ती मोजली, पुन्हा मोजली. तीन गेली होती. दुकानदाराला माणसं आठवेनात. "आले, बघितलं, खिशात घातलं. एक जन म्हनला, बाई वळखीची दिसतीया, खोटं न्हाई बोलायची."

शनिवारी बाजारात हजार नवी पानं वाटली गेली. रंगुबाई जनावरांच्या रांगांमधून घसा बसेपर्यंत ओरडत फिरली, "ऐका रं, माझी गाय माझ्याच हातून मेली!" लोक हसले, काही थांबले. तीन माणसं मात्र तिला सापडली नाहीत. कुठल्या तरी वस्तीवर तिचाच फोटो कुणाच्या तरी खिशात होता, आणि अजूनही तेवढंच अर्धं सांगत होता.