सासू नावाची प्लेट

पॉलिटेक्निकच्या मेकॅनिक्स लॅबमध्ये एक हिरवी प्लेट होती आणि पोरांनी तिचं नाव ठेवलं होतं सासू. कारण साधं होतं. तिच्यापुढं काहीही करा, कसंही करा, बरोबर म्हणून यायचं नाही.

दिसायला बापडी अगदी गरीब. डावीकडं बारा सेंटिमीटरचा चौकोन, त्याला उजवीकडून चिकटलेला बारा लांब, सहा उंच असा आयत. खालची कड दोघांची एकच. तोंडी परीक्षेत हंबीरराव सर ती टेबलावर ठेवायचे आणि गोड आवाजात म्हणायचे, "हिचा गुरुत्वमध्य काढा. काढा आणि टेकूवर उभी करून दाखवा." टेकू म्हणजे लाकडी ठोकळ्यात उभी ठोकलेली एक लोखंडी कांडी, माथा चपटा, करंगळीच्या नखाएवढा.

पोरं खूश व्हायची. एवढं सोपं? पट्टीनं मापं घ्यायची, प्लेटीचे मनातल्या मनात दोन तुकडे करायचे, चौकोनाचा मध्य सहावर, आयताचा अठरावर. प्रत्येकाचं क्षेत्रफळ गुणिले त्याच्या मध्याचं अंतर, बेरीज, भागिले एकूण क्षेत्रफळ. डाव्या कडेपासून दहा, खालच्या कडेपासून पाच. खडूनं फुली मारायची, फुली टेकूवर ठेवायची, हात काढायचा. आणि सासू उजवीकडं कलून टेबलावर आपटायची. खाण्णकन.

"आता?" सर विचारायचे.

पोरं पुन्हा गणित करायची. पुन्हा दहा, पुन्हा पाच. पुन्हा खाण्णकन.

खोड होती ती रंगाखाली. चौकोन होता ॲल्युमिनियमचा आणि आयत लोखंडाचा. लोखंड जवळजवळ तिप्पट जड. नुसतं क्षेत्रफळ मोजणाऱ्याला वाटायचं, मोठा तुकडा तो भारी तुकडा. आणि खरा भार बसलेला असायचा लहान्यात. हे कळायचं कसं? विचारून. "सर, दोन्ही तुकडे एकाच धातूचे आहेत का?" एवढं कुणी विचारलं असतं तर सरांनी खरं सांगितलं असतं, तो त्यांचा नेम होता. पण त्यांच्यापुढं उभं राहून त्यांनाच प्रश्न विचारायची कुणाची टाप? पोरं प्लेटीचं पोट रंगाआडून ओळखायला बघायची आणि नापास व्हायची.

ही प्लेट बनवली होती जोतीरामनं. जोतीराम लॅबचा असिस्टंट, खाकी शर्ट, कानावर पेन्सिल. दोन पत्रे कडेला घासून एकमेकांवर बसवायचे, बारीक रिबिटा मारायच्या, सांध्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, पॉलिश पेपरनं घासून वर हिरवा रंग. सांधा बोटाला लागत नव्हता की डोळ्याला दिसत नव्हता. सरांनी पाठीवर थाप मारली होती, "जोत्या, तू सोनार व्हायचास." त्या थापेवर तो किती वर्षं जगला होता, ते त्याचं त्याला ठाऊक. प्लेट आपटली की सर हसायचे आणि त्यांच्या मागं उभा राहून जोतीरामही हसायचा. मागच्या साली इचलकरंजीचा महंमद म्हणून एक पोरगा होता. प्लेट तीनदा आपटली, चौथ्यांदा त्यानं ती धरायला हात घातला आणि रडायलाच लागला. नंतर कुणी म्हणालं, तो शिक्षण सोडून बापाच्या यंत्रमागावर बसला म्हणे. जोतीरामला त्या दिवशीही हसू आलंच होतं. सवय.

या साली परीक्षेला त्याची स्वतःची लेक होती.

अंबू शेवटच्या वर्षाला. वर्गात पोरी दोनच, त्यातली एक ही. हुशार, पण बोलायला भिणारी. उद्यमनगरातल्या एका कारखान्यानं ड्रॉइंगच्या खोलीत घेतो म्हणून सांगितलं होतं; अट एकच, याच परीक्षेत पास. आणखी एक साल थांबायची त्यांची तयारी नव्हती, आणि अंबूच्या आईची, झुंबरबाईची, तर त्याहून नव्हती. तिच्या माहेरची माणसं दोनदा येऊन पोरगी बघून गेली होती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सरांनी जोतीरामला हाक मारली.

"उद्या तुझी पोरगी माझ्याकडंच हाय न्हवं?"

"व्हय जी."

"सासू काढून पूस. कपाटात ठेव आणि किल्ली माझ्याकडं दे." आणि जाता जाता, "घरची सासू घरच्या सुनेला. बघू कशी नांदती."

जोतीरामला आधी घाम फुटला, मग हायसं वाटलं. सरांनी आपणहून सांगितलं. म्हणजे पोरीला सांगून ठेव असं सुचवलंच की! इतक्या वर्षांची चाकरी फुकट नाही गेली. घरी आला आणि मंगळवार पेठेतल्या त्या दीड खोलीत, झुंबरबाई भाकऱ्या थापत असताना, त्यानं लेकीला जवळ बसवलं.

"अंबे, चौकोन ॲल्युमिनियमचा धर. आयत लोखंडाचा. ॲल्युमिनियम एक, तर लोखंड तीन."

अंबूनं लगेच हिशेब मांडला. चौकोनाचं क्षेत्रफळ एकशे चव्वेचाळीस, भार तेवढाच. आयताचं बहात्तर, त्याची तिप्पट दोनशे सोळा. गुरुत्वमध्य सरकला उजवीकडं, थेट आयतात. तेरा पूर्णांक दोन. खालून चार पूर्णांक दोन.

"बराब्बर!" जोतीराम म्हणाला. "तिथंच उभी ऱ्हाती. मी स्वतः केलीया."

अंबूनं मान वर केली. "आबा, तुम्ही केलीसा ती?"

"मग काय!"

अंबूनं विचारलं, "मी सरांस्नी आधी इचारू का, धातू एकच हाय का म्हणून? मग चोरून कळल्यागत वाटणार न्हाई."

"आजाबात इचारू नकोस!" जोतीरामनं हात झाडला. "इतक्या सालात कुणी इचारलं न्हाई आन् माझीच पोरगी इचारणार? लगेच वळखतील. माझी नोकरी जाईल. गप मांड आन् गप ठेव."

"बरं," अंबू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी लॅबचं दार उकाड्यामुळं उघडं होतं, बाहेर पोरं भिंतीला टेकून ओळीनं उभी. आत टेबलाशी सर आणि सांगलीहून आलेले पावणे परीक्षक. पावण्यांपुढं भडंगाची बशी होती आणि त्यांचं सगळं लक्ष त्यातल्या शेंगदाण्यांवर होतं.

"जोतीराम, प्लेट आण." सरांनी किल्ली दिली.

जोतीरामनं कपाट उघडलं, हिरवी प्लेट उचलली, आणि त्याचा हात खाली गेला.

जड होती. सासू हलकी, तिचा मोठा भाग ॲल्युमिनियमचा. ती त्याच्या हाताला रोजची ओळखीची. ही जवळजवळ दुप्पट जड. रंग तोच, माप तेच, कडा तशाच घासलेल्या. पण ही अख्खी लोखंडाची होती, एकाच पत्र्यातून कापलेली. सरांनी दुसरी करून घेतली होती, दुसरीकडून.

कपाटापासून टेबलापर्यंत अंतर ते किती! तेवढ्यात त्याला सगळं उमगलं. आदल्या दिवशी का सांगितलं, किल्ली का मागून घेतली. सर त्याच्याकडंच बघत होते. चेहऱ्यावर तेच हसू, ज्याला त्यानं इतकी वर्षं मागून साथ दिली होती.

लेकीच्या हातात प्लेट देताना तो म्हणाला, "जड हाय. संभाळून धर. लई जड हाय."

"तू हमालीला लावतोयस का तिला?" सर म्हणाले. पावणे हसले; भडंगाचा एक दाणा बाहेर उडाला.

अंबूनं प्लेट आयताच्या बाजूनं धरली होती. चौकोनाचं टोक खाली झुकलं, मनगटाला ओढ बसली. ती क्षणभर थबकली. जोतीरामनं ते पाहिलं. तिचा हात तिला सांगत होता, भार डावीकडं हाय गं. तिनं बापाकडं पाहिलं. बापानं डोळे मोठे केले, मान नाहीच्या बाजूला किंचित हलवली. आणि पोरीनं त्याचा अर्थ घेतला तो काल रात्रीचा: विचारू नकोस.

ती फळ्याकडं वळली.

अक्षर सुरेख होतं तिचं. चौकोन, आयत, दोन मध्य. मग एकाखाली एक, दुसऱ्याखाली तीन. बेरीज, भागाकार. तेरा पूर्णांक दोन, चार पूर्णांक दोन. तिनं पट्टी लावून फुली मारली, प्लेट टेकूवर ठेवली आणि हात काढला.

प्लेट डावीकडं कलली. खाण्णकन.



"ही तिप्पट कुठनं आली, बाई?" सरांचा आवाज लोण्यासारखा. "प्लेट तर अख्खी लोखंडाची हाय. ॲल्युमिनियम कुणी सांगितलं तुला?"

अंबूनं खडू फळ्याच्या कडेला ठेवला. मग म्हणाली, "कुणी न्हाई. मलाच वाटलं."

"वाटलं? स्वप्न पडलं?" सर वळले. "जोतीराम, तू सांगितलंस का रं?"



"न्हाई जी," जोतीराम म्हणाला.

"मग हिचं उत्तर बरोबर का चूक? तू एवढ्या सालाचा जाणकार, तूच सांग पावण्यांस्नी."

"चूक हाय, सर."

"मोठ्यानं. ते सांगलीचे हायत, त्यांना लांबनं ऐकू येत न्हाई."

"चूक हाय."

"दाखव बरोबर."

जोतीराम पुढं आला. डावीकडून दहा, खालून पाच. पट्टी लागली नाही, ती जागा त्याला आंधळ्यासारखी पाठ होती. प्लेट टेकूवर बसली आणि उभी राहिली, पाण्यावर पान तरंगावं तशी, कुठं म्हणून कलली नाही. अंबू तिच्याकडं बघत होती. बापाकडं नाही, प्लेटीकडं.

"जा," सर म्हणाले. "पुढल्या साली या."

ती दारातून जाताना पोरांनी वाट करून दिली. कुणी हसलं नाही. हसणारा आतच होता.

पुढचा नंबर बाळासोचा. वर्गातला सगळ्यात ढ, गुणाकाराला बोटं मोजणारा. पण दार उघडं होतं आणि कान त्याला दोन होते. आत आला, प्लेट हातात घेतली आणि आधी म्हणाला, "सर, ही एकाच धातूची हाय न्हवं?"

"शाब्बास!" सरांनी टेबलावर थाप मारली. "बघा पावणं, ह्याला म्हणायचं इंजिनियर. एवढं इचारलं असतं तिनं, तर झालं होतं की. व्हय, एकाच धातूची. मांड."

बाळासो मांडू लागला. मध्येच थांबला. "सर, हिच्यावर आधीचीच फुली हाय."

"जोतीराम, पूस ती."

जोतीरामनं खांद्यावरचं फडकं घेतलं. पुसायच्या आधी, का कुणास ठाऊक, त्यानं कानावरची पेन्सिल काढली आणि पट्टी लावून बघितलं. डावीकडून तेरा पूर्णांक दोन. खालून चार पूर्णांक दोन. केसाचाही फरक नव्हता. त्यानं सांगितलं होतं तिथंच तिनं फुली मारली होती, बरोब्बर.

"पुसतोयस न्हवं?" सर म्हणाले.

"व्हय जी," जोतीराम म्हणाला, आणि पुसली.