एप्रिलचा कप्पा

तलासरीला हायवेच्या कडेला, टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर प्रविणभाईंचं ऑफिस होतं. चारशे ट्रक-टेम्पोंच्या पोटात त्यांनी जीपीएसचे डबे बसवले होते. गाडी कुठे आहे ते डबा दर दहा सेकंदाला कळवी, गाडी उभी असली की मिनिटाला एकदा, आणि ते सगळं ऑफिसातल्या सर्व्हरवर नोंदींच्या एका लांबलचक टेबलात जाऊन पडे. गिऱ्हाईकाला माल उतरवल्याचा पुरावा मिळे, मालकाला ड्रायव्हरवर नजर ठेवता येई, आणि प्रविणभाईंना व्हिजिटिंग कार्डावर छापायला वाक्य मिळालं होतं : 'माणूस खोटं बोलेल, डबा नाही.'

हे टेबल सांभाळायचं काम दक्षाचं. ती सरावलीहून रोज यायची. अडीच वर्षांपूर्वी ती नोकरीला लागली तेव्हा पांड्या नावाचा एक हुशार इंजिनिअर तिथून नुकताच गेला होता, आणि त्याचा पराक्रम ऑफिसात अजून ताजा होता. डिस्क भरत आली म्हणून पांड्याने एका शनिवारी दुपारी वर्षभरापूर्वीच्या नोंदी पुसायचा हुकूम सोडला. एकच डिलीट, कोट्यवधी ओळींवर. शनिवार गेला, रविवार गेला, सर्व्हर धापा टाकत राहिला, नकाशावरच्या गाड्या जागच्या जागी गोठल्या. सोमवारी प्रविणभाईंनी मालकाच्या रुबाबात प्लग उपटला. सर्व्हर परत चालू झाला तो जेवढं पुसलं होतं तेवढं इमानेइतबारे परत लिहीत बसला, कारण अर्धवट राहिलेला हुकूम त्याला रद्द करायचा होता. पुढे पांड्याने थोडं थोडं करून महिनाभर पुसलं. मग डिस्कवर बघितलं तर फाईल तेवढीच फुगलेली. ओळी गेल्या, जागा काही सुटली नाही. ती फाईलच्या आतच रिकामी पडून राहिली.

दक्षाने आल्यावर ते टेबल महिन्यांत वाटलं. एका जाडजूड वहीतल्या ओळी रबराने खोडत बसण्यापेक्षा प्रत्येक महिन्याची वही वेगळी करायची, आणि जुनी झाली की ती वहीच फेकून द्यायची, एवढाच विचार. नोंद आली की तारीख बघून त्या महिन्याच्या कप्प्यात जाईल. बारा महिने ठेवायचे, तेरावा कप्पा आख्खा टाकायचा. सव्वाचार कोटी ओळी, नऊ जीबी, एक सेकंद. आणि जागा खरोखर सुटते.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा प्रविणभाईंच्या तोंडाला पाणी सुटलं. कुठलीही गोष्ट एका सेकंदात होते म्हटल्यावर ती आपल्या हातून व्हावी असं त्यांना वाटणारच. तेव्हापासून प्रत्येक महिन्याच्या एक तारखेला ऑफिसात सोहळा होई. दक्षाने हुकूम टाईप करून ठेवायचा, शिपायाने अगरबत्ती लावायची, सर्व्हरच्या कपाटापुढे नारळ फुटायचा आणि भाईंनी एंटर दाबायचं. नंतर भाई आपल्या गुजरातीमिश्रित मराठीत विचारत, "केटली जागा झाली?" दक्षा सांगे, नऊ जीबी. सगळे टाळ्या वाजवत. नारळाचं पाणी एकदा कपाटाखालच्या वायरींपर्यंत गेलं होतं, पण ते शुभ मानलं गेलं.

दोन हजार एकोणीसच्या एक मे रोजी सोहळा अकराला होता. टाकायचा होता मागच्या वर्षीच्या एप्रिलचा कप्पा. दक्षाची एक सवय होती : दर एक तारखेला ती प्रत्येक कप्प्यातल्या ओळी मोजून एका वहीत लिही. आठ वाजता येऊन तिने मोजल्या, आणि मागच्या महिन्याच्या आकड्याशेजारी आजचा लिहिताना तिचा हात थांबला. एप्रिल अठराच्या कप्प्यात एकोणचाळीस हजार ओळी वाढल्या होत्या. वर्षभरापूर्वी संपलेल्या महिन्यात!

तिने त्या ओळी काढून पाहिल्या. सगळ्या एकाच डब्याच्या, आणि सगळ्यांवर तारीख होती ऑगस्ट-सप्टेंबर एकोणीसशे नव्याण्णवची. इंटरनेटवर शोधल्यावर अर्ध्या तासात उलगडा झाला. तारीख काढायला उपग्रहांकडून आठवड्यांचा जो आकडा येतो तो हजार चोवीस आठवडे झाले की परत शून्य होतो. सात एप्रिलच्या पहाटे तो शून्य झाला होता. नव्या डब्यांना ते ठाऊक होतं. भाईंनी सुरुवातीला स्वस्तात घेतलेल्या पाच जुन्या डब्यांना नव्हतं. त्यातले चार कधीच बंद पडले होते. पाचवा आनंदाने वीस वर्षं मागे जाऊन काम करत होता. टेबलात नव्याण्णव सालाचा कप्पा कुठला असणार? सगळ्यात जुना जो असेल त्यातच अशा ओळी जाऊन बसतात.

मग तिने डब्याचा नंबर यादीत शोधला. तो सुदामच्या टेम्पोचा होता.

सुदाम उधव्याकडच्या पाड्यावरचा. भात-नागलीची थोडी जमीन, आणि नऊ वर्षं भाईंच्या स्वतःच्या टेम्पोवर. आठ एप्रिलला तो कोसबाडहून चिकू घेऊन वापीला निघाला आणि चार तास उशिरा पोचला. सहा खोके कमी भरले. तो म्हणाला, अच्छाडच्या अलीकडे टँकर आडवा झाला होता, नऊपासून एकपर्यंत जागचा हललो नाही, खोके कोसबाडलाच कमी चढले होते. भाईंनी दक्षाला रिपोर्ट काढायला सांगितला. तिने एप्रिलचा रिपोर्ट काढला. सर्व्हरने यंदाच्या एप्रिलचा कप्पा तेवढा उघडला, आणि त्यात सात तारखेच्या पहाटेनंतर सुदामची एकही ओळ नव्हती. दक्षाने खाली स्वच्छ अक्षरात टाईप केलं : 'डबा बंद केल्याचे दिसते.' भाईंनी तो कागद सुदामच्या तोंडासमोर नाचवला. म्हणे वायर उपटली, गाडी आडरस्त्याला नेली, चिकू विकले. टेम्पो यार्डात लागला, चावी काढून घेतली, आणि हायवेवरच्या सगळ्या मालकांना भाईंनी आपुलकीने फोन करून सुदामचं नाव कळवलं.

आता दक्षाला हेही दिसत होतं की चूक डब्याची जेवढी होती तेवढी तिचीही होती. कप्पे पाडताना तिने डबा सांगेल ती तारीख धरली होती. ओळ सर्व्हरवर कधी पोचली ती वेळ तिने साठवलीच नव्हती. ती असती तर कप्पे त्या वेळेनुसार पाडता आले असते आणि एकही ओळ वाट चुकली नसती. हे कुणाला माहीत नव्हतं. आणि अकरा वाजता भाई एंटर दाबणार होते. पांड्याचा डिलीट असता तर मध्ये थांबवता आला असता, मागे फिरवता आला असता. हा हुकूम मागे फिरत नाही. एका सेकंदात सुदामचा पुरावा जाईल आणि दक्षाची चूकही जाईल, नारळ फोडून, टाळ्यांच्या गजरात. पंधरा मिनिटं ती नुसती बसून राहिली, आणि त्यातली दहा मिनिटं तिला तो विचार बरा वाटत होता. याची तिला नंतर फार लाज वाटली.

मग तिने त्या एकोणचाळीस हजार ओळी एका वेगळ्या छोट्या टेबलात उतरवल्या, दोनदा मोजल्या आणि डब्याच्या हिशेबात तेवीस ऑगस्टचे, म्हणजे आठ एप्रिलचे, चार तास छापून घेतले.

अकराला नारळ फुटला. भाईंनी बोट कीबोर्डवर नेलं.

"भाई, एक मिनिट," दक्षा म्हणाली. "ह्या कप्प्यात सुदामचा पुरावा आहे."

"कोण सुदाम? पेलो चोर?"

"तो चोर नाही. त्याचा डबा चालूच होता. डब्याची तारीख चुकली होती आणि माझे कप्पे चुकीच्या तारखेवर पाडलेले होते. रिपोर्टमध्ये मी लिहिलं ते खोटं होतं." तिने कागद पुढे केला. "तारीख-साल चुकलंय, पण वेळ बरोबर आहे, जागा बरोबर आहे. नऊ ते एक, गाडी अच्छाडला उभी."

भाईंनी कागद पाहिला. त्यांचा चेहरा खोके कमी भरल्याची बातमी आली तेव्हाही एवढा पडला नव्हता. "नव्याण्णव? गिऱ्हाईकाला कळलं की आपला डबा नव्याण्णव सालात फिरतो, तर उद्या कोण डबा लावेल?" मग त्यांना एकदम सुचलं. धंदेवाला माणूस, सुचणारच. "दक्षाबेन, मुहूर्त निघून चालला. मी एंटर दाबतो. कप्पो गयो, वात गई. विषय संपला."

"दाबा," दक्षा म्हणाली. "त्या ओळी मी वेगळ्या काढून ठेवल्यात."

भाईंनी एंटर दाबलं. एक सेकंद. नऊ जीबी. शिपायाने सवयीने टाळी वाजवली आणि एकटाच पडला.

दुपारपर्यंत भाईंनी ठरवून टाकलं की ही चूक मुळात त्यांनीच पकडली. चावी दक्षाच्या हाती दिली, सुदामला बोलावून आण म्हणाले, "आणि नव्याण्णव वगैरे काही बोलू नको." माफीचा विषय निघाला नाही. तेवढं भाईंच्या स्वभावात बसत नव्हतं.

ती जीपने उधव्याला गेली. सुदाम अंगणात काठी तासत होता. त्याची बायको पुतळी हिने पाणी आणून दिलं आणि ती म्हणाली, "तेवीस दिस झाले. हायवेला कोन गाडीवर घेत नाय याला. नाव सांगला का फोन ठेवतात."

दक्षाने चावी ठेवली, कागद ठेवला आणि सगळं सांगितलं. नव्याण्णवही सांगितलं. शेवटी म्हणाली, "चूक माझी होती, सुदामदादा. तो रिपोर्ट मीच लिहिला होता."

सुदामने कागद हातात घेतला. ओळींवरून बोट फिरवत त्याने ती तारीख वाचली.

"म्हंजी ह्या डब्याला साल कळत नाय?"

"नाही."

"तरी यात लिवलंय म्हनून आता मी चोर नाय."

सुदामने तासलेली काठी पायाने बाजूला सारली.

"मी त्याच दिवशी बोललो ना तुमाला. टेबलाच्या म्होरं उभा राहून बोललो. नऊपासून एकपर्यंत. तुमी मान वर करून बघितलाबी नाय, मशिनीतच बघत होतात." त्याने कागदाची घडी केली आणि तिच्या हातात परत दिली. "मला साल कळत व्हता, बाय."

चावी त्याने उचलली. पावसाळ्याआधी बियाणं आणायचं होतं.